सोमवारचे खाडे: ऑपरेटरला बोलावण्याआधीची तयारी, मुद्द्यांचा कागद आणि नंतर द्यायची नोंद

बेळगावकडच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या मशीन शॉपमध्ये सेटरचा शिफ्ट इनचार्ज झालेल्या माणसाला सुरुवातीला सगळ्यांत जड जाणारं काम मशीनचं नसतं. खाडे करणाऱ्या ऑपरेटरला समोर बसवून बोलणं हे ते काम. समोरचा माणूस बहुतेक वेळा कालपर्यंत शेजारच्या मशीनवर उभा असलेला, वयानं मोठा, कधी आपल्याच गावचा असतो. त्यामुळे तीन महिने कुणी काहीच बोलत नाही, आणि मग एका सोमवारी मशीनपाशीच सगळ्यांदेखत तोंड सुटतं. त्या बोलण्याची ना नोंद राहते, ना त्यातून काही ठरतं.

हा लेख पहिल्या औपचारिक बोलण्यापुरता आहे. चार्जशीट आणि चौकशी हा पुढचा, वेगळा रस्ता आहे आणि तो इनचार्जनं एकट्यानं चालायचा नसतो. इथे एकच उदाहरण धरून मस्टर वाचण्यापासून दोन प्रतींवर सही होईपर्यंत जाऊ. उदाहरण रचलेलं आहे, पण तारखा आणि वार २०२५ च्या कॅलेंडरप्रमाणेच आहेत.

आधी मस्टर, आणि मस्टरशेजारी पाळीचा तक्ता

व्हीएमसीवरचा एक ऑपरेटर, वय चाळीसच्या पुढे. पहिली पाळी ७ ते ३.३०, दुसरी ३.३० ते रात्री १२, दर आठवड्याला पाळी बदलते, रविवारी सुट्टी. जून, जुलै आणि ऑगस्ट २०२५ हे तीन महिने पाहायचे आहेत. रविवार, १५ ऑगस्ट आणि २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी वगळली तर कामाचे दिवस ७६ होतात. मस्टरवर त्याचे खाडे १४ दिसतात.

नवा इनचार्ज इथेच पहिली चूक करतो. १४ हा आकडा डोक्यात पक्का बसतो आणि तोच घेऊन तो बोलायला बसतो. पण हे १४ दिवस एका जातीचे नाहीत. १५ ते १८ जुलै या चार दिवसांची रजा त्यानं रोप लावणीसाठी आधी अर्ज देऊन घेतली होती आणि ती मंजूर झाली होती. ६ आणि ७ ऑगस्टला तो आजारी होता, ईएसआय दवाखान्याचं सर्टिफिकेट फायलीत आहे. हे सहा दिवस मोजणीतून बाहेर काढा आणि बोलताना त्यांचा उल्लेखही करू नका. मंजूर रजा आणि ईएसआयचा आजार खाड्यांत मिसळला की कामगार पहिल्याच वाक्याला तो कागद पुढे करतो, आणि तो बरोबर असल्यामुळे तुमचा उरलेला खरा मुद्दाही तिथेच पडतो. ईएसआयच्या बाबतीत हे नुसत्या शहाणपणाचं नाही, कायद्याचंही आहे. आजारपणाचा लाभ चालू असलेल्या काळात कामगाराला कामावरून काढता येत नाही किंवा शिक्षा करता येत नाही.

राहिले आठ दिवस. हे सगळे न कळवता केलेले खाडे आहेत. तारखा एकाखाली एक लिहा आणि पुढे वार व पाळी लिहा:

९ जून, सोमवार, पहिली पाळी
२३ जून, सोमवार, पहिली पाळी
७ जुलै, सोमवार, पहिली पाळी
१० जुलै, गुरुवार, पहिली पाळी
२१ जुलै, सोमवार, पहिली पाळी
४ ऑगस्ट, सोमवार, पहिली पाळी
१८ ऑगस्ट, सोमवार, पहिली पाळी
२८ ऑगस्ट, गुरुवार, दुसरी पाळी

नुसता वार पाहिला तर आठात सहा सोमवार दिसतात आणि शॉपमधला कुणीही लगेच सांगतो, ‘रविवारी जरा जास्त होतंय त्याला.’ पण पाळीचा रकाना पाहा. सहाही सोमवार बरोबर चौदा-चौदा दिवसांच्या अंतरानं आलेले आहेत, आणि सहाही पहिल्या पाळीचे. दुसऱ्या पाळीच्या सोमवारी हा माणूस एकदाही चुकलेला नाही. रविवारच्या बाटलीला पाळीचा तक्ता कळत नाही. म्हणजे अडचण सोमवारची नाही, सोमवारी सकाळी ७ ला पोचण्याची आहे. ती काय, हे अजून माहीत नाही, पण काय विचारायचं ते आता कळलं. त्यात आणखी एक धागा आहे: १ सप्टेंबरच्या सोमवारीही पहिली पाळी होती. त्या दिवशी तो आला, पण ७.४० ला.

आपल्या भागात आणखी एक चाळणी लावावी लागते. जुलैच्या पावसात खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांचा रस्ता तुटतो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं तशी दोन राज्यांमधली बससेवा थांबते तेव्हा चंदगडकडून येणारी माणसं अडकतात. त्याच दिवशी त्याच बाजूची आणखी दोघं-तिघं गैरहजर असतील तर तो खाडा त्या माणसाच्या सवयीत धरू नका. वरच्या आठ तारखांना तसं काही नव्हतं, म्हणून आठही ठेवल्या.

बोलावण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या

पहिली, हजेरीबद्दल कारखान्याचा लेखी नियम काय आहे. स्थायी आदेश लागू असतील तर ते काढून वाचा. आदर्श स्थायी आदेशांत सलग दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजेरी आणि सवयीची गैरहजेरी ही गैरवर्तनात मोडते. सुटे आठ खाडे सलग दहा दिवसांत बसत नाहीत. तेव्हा ‘दहा दिवसांचा नियम’ त्याच्या तोंडावर फेकू नका. तो नियम वेगळ्या प्रसंगासाठी आहे.

दुसरी, पगारातून किती कापलं गेलं. गैरहजेरीची कपात जितका वेळ माणूस नव्हता तितक्याच प्रमाणात करता येते. ‘एका खाड्याला दोन दिवस’ असा रिवाज कुठे चालू असेल तर तो कायद्यात बसत नाही. बोलण्याच्या आदल्या दिवशी त्याची पगाराची चिठ्ठी पाहून घ्या. तुमच्याच ऑफिसनं जास्त कापलेलं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर सगळं बोलणं त्या कपातीवरच खर्च होईल.

तिसरी, तुम्ही त्याला काय देऊ शकता. वेळ बदलून देणं, पाळी बदलून देणं किंवा काही दिवस जनरल पाळी देणं यातलं काय तुमच्या हातात आहे आणि किती दिवसांसाठी, हे प्लँट मॅनेजरकडून आधीच पक्कं करून घ्या. उदाहरणात इनचार्जनं एवढीच परवानगी घेतली: गरज पडली तर सप्टेंबर संपेपर्यंत, म्हणजे १५ आणि २९ सप्टेंबर या पहिल्या पाळीच्या दोन सोमवारी, ८.३० ला यायची सवलत. त्या दिवशी ७ ते ८.३० सेटर मशीन चालवेल. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर ३.३० ला मशीन घेईल आणि हा ५ पर्यंत बेंचवर डीबरिंग व तपासणी करेल. सवलतीला शेवटची तारीख हवीच. ती नसेल तर पुढच्या आठवड्यात आणखी चौघं ८.३० मागायला येतील, आणि त्यांचं काही चुकलेलं नसेल.

जागा आणि वेळ

बुधवार, ३ सप्टेंबर, दुपारी ३. त्याची पहिली पाळी आहे, म्हणजे हे बोलणं पगारी वेळेत होईल. पाळी सुटल्यावर थांबवू नका. ३.३० ला माणसाचं लक्ष घड्याळाकडे आणि बसकडे असतं, तो सगळ्याला ‘होय सर’ म्हणतो आणि निघतो. जागा काचेची केबिन नको, कारण काचेतून अख्खा शॉप बघत असतो. स्टोअरच्या मागची खोली किंवा ट्रेनिंग रूम चालेल. सकाळीच हळूच सांगा, ‘तीन वाजता हजेरीबद्दल जरा बोलूया, पंधरा-वीस मिनिटं.’ विषय न सांगता बोलावलं तर तो दिवसभर नोकरी गेली असं समजून पार्ट बिघडवत बसेल.

दोघंच असा, फार तर एचआरचा एक माणूस. ज्यानं त्याला कामाला लावलं त्या गावच्या माणसाला मध्ये घालू नका. आपल्याकडे निम्मी भरती ओळखीवर होते, त्यामुळे ‘तुझ्या मामांना सांगतो’ हे सोपं हत्यार वाटतं. पण त्या दिवसापासून कामगार त्याची अडचण तुमच्यापासून लपवायला शिकतो, आणि गावात चर्चा वेगळीच होते.

वयानं मोठ्या माणसाला शॉपमध्ये रोज ‘मामा’ म्हणत असाल तर खोलीतही ‘मामा’च म्हणा. एरवी मामा आणि आज अचानक ‘मिस्टर’ केलंत तर तो ते शिक्षेसारखं ऐकेल. आणि ‘तुम्ही’ शेवटपर्यंत. आवाज चढला की ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं, तिथे स्वतःला धरा.

मुद्द्यांचा कागद

एका पानावर, हातानं लिहिलेला चालेल. पाठ करू नका, समोर ठेवा. उदाहरणातल्या इनचार्जच्या कागदावर एवढंच होतं:

१. ‘मामा, जून ते ऑगस्टमध्ये न कळवता आठ दिवस खाडा झालाय. तारखा या कागदावर आहेत. आधी बघा, काही चुकलं असेल तर सांगा.’ (कागद त्याच्या हातात द्या. गप्प राहा.)

२. ‘मंजूर रजा आणि आजारपण यात धरलेलं नाही.’

३. ‘सहा सोमवारांत चार वेळा दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला सकाळी बोलवावं लागलं, दोन वेळा मशीन उभी राहिली.’

४. ‘सहाही दिवस पहिल्या पाळीचे सोमवार आहेत. दुसऱ्या पाळीच्या सोमवारी तुम्ही वेळेवर असता. सोमवारी सकाळी काय अडचण येते?’ (उत्तर पूर्ण होईपर्यंत बोलू नका.)

५. ‘यापुढे दोन गोष्टी हव्यात: पाळीला वेळेवर येणं, आणि येणं होत नसेल तर अर्धा तास आधी फोन.’

६. सवलत असेल तर ती, शेवटच्या तारखेसह. पुन्हा बसायची तारीख.

७. ‘आपण बोललो ते उद्या लिहून देतो.’

तिसऱ्या मुद्द्याकडे जरा थांबून पाहा. ‘तुमच्यामुळे सगळ्यांना त्रास होतो’ हे वाक्य कागदावर नाही, मोजता येईल एवढंच आहे. ‘सगळे तक्रार करतात’ म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न ‘कोण?’ असतो. नाव सांगितलं तर शॉपमध्ये भांडण लावलंत, नाही सांगितलं तर तुम्ही खोटे पडलात. चौथा मुद्दा प्रश्न म्हणून लिहिलाय, आणि त्यात त्याची जमेची बाजूही आहे. दुसऱ्या पाळीच्या सोमवारी तो चुकत नाही हे खरं आहे आणि ते आपल्याला दिसलंय, हे त्याला कळलं की बोलणं उलगडतं.

कागदावर काय नाही तेही पाहा. ‘काढून टाकू’ नाही, दारूचा विषय नाही, दुसऱ्या कामगाराशी तुलना नाही, मागच्या वर्षीचं काही नाही.

प्रत्यक्ष बोलणं

तारखांचा कागद हातात दिल्यावर ऑपरेटरनं १० जुलैवर बोट ठेवलं.

‘ह्या दिवशी पोराला दवाखान्यात नेलो होतो सर.’

‘कळवलं होतं का कुणाला?’

‘नाही सर. गडबडीत राहिलं.’

इथे वाद घालू नका आणि तारीख खोडूही नका. ‘बरं, कारण लिहून ठेवतो, पण कळवलं नव्हतं म्हणून तारीख राहते’ एवढं पुरे. २८ ऑगस्टचं विचारल्यावर तो स्वतःच म्हणाला, ‘गणपतीला गावाला होतो. ती माझी चूक.’ माणूस चूक कबूल करतो तिथे पुढे काही बोलायचं नसतं. त्यावर पाच मिनिटांचं भाषण दिलंत तर पुढच्या वेळी तो कबूल करणार नाही.

मग सोमवार.

‘रविवारी गावाला जातो सर. जांबोटीच्या बाजूला गाव. आई एकटीच हाय. सोमवारची पहिली बस साडेसहाची, पिरनवाडीला येईपर्यंत आठ वाजतात.’

‘मग त्या दिवशी आठला का येत नाही?’

‘पाऊण तासाच्या वर उशीर झाला की चिठ्ठीशिवाय गेटवर आत घेत नाहीत नव्हं. सुपरवायझरना फोन केलो दोनदा, उचलले नाहीत. मग गेटवर बोलणी खायला कशाला यायचं म्हणून राहिलो. परवा एकाच्या गाडीवर बसून आलो, तरी चाळीस मिनिटं गेलीच.’

असं उत्तर आलं की पूर्ण दिवसाचा खाडा का पडत होता ते कळतं. बस त्याला तासभर उशिरा आणत होती, आणि गेटचा नियम तासाचा दिवस करत होता. यात दोन गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत: रविवारी रात्री परत न येणं आणि फोन लागला नाही म्हणून गप्प राहणं. दोन गोष्टी कारखान्याच्या बाजूच्या आहेत: न उचललेला फोन आणि गेटची चिठ्ठी. इनचार्जनं दोन्ही बाजू लिहून घ्याव्यात. आपल्या बाजूचं मान्य करताना मात्र सावध राहा. ‘सुपरवायझरचं चुकलंच’ असं न म्हणता ‘फोन कुणाला करायचा ते आजच पक्कं करतो’ म्हणा, कारण सुपरवायझरला तुम्ही अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर लगेच सवलत देऊन टाकू नका. आधी त्यालाच विचारा, ‘यावर तुम्ही काय करू शकता?’ उदाहरणात तो म्हणाला, भाऊ सुगीला येणार आहे, ऑक्टोबरपासून रविवारी संध्याकाळच्या बसनं परत येणं जमेल. म्हणजे प्रश्न सप्टेंबरातल्या दोन सोमवारांपुरताच उरला. आधी घेऊन ठेवलेल्या परवानगीत तो नेमका बसला. तुम्ही सुरुवातीलाच ८.३० देऊन मोकळे झाला असता तर ऑक्टोबरचं वाक्य कधीच बाहेर आलं नसतं.

कधी बोलणं असं सरळ जात नाही. ‘बाकीचे पण खाडे करतात, मलाच का?’ हे जवळजवळ नेहमी येतं. उत्तर: ‘त्यांच्याशी बोलायचं असेल ते मी त्यांच्याशी बोलेन, आज तुमच्या तारखा बघूया.’ हे खरं करून दाखवावं लागतं. तेवढेच खाडे असलेल्या दुसऱ्याला तुम्ही हात लावला नाही तर पुढच्या वेळी त्याचं म्हणणं बरोबर ठरतं. घरातल्या आजाराची गोष्ट निघाली तर आजार कुठला, किती खर्च, हे खोदू नका. कामाच्या वेळेवर त्याचा किती दिवस परिणाम होईल एवढंच विचारा. माणूस चिडून उठला तर अडवू नका. ‘उद्या याच वेळेला पुन्हा बसूया’ म्हणा आणि ती वेळ पाळा. आणि कितीही संताप झाला तरी कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही मागू नका. पुढे प्रकरण लेबर ऑफिसला गेलं तर तो एकच कागद तुमची बाकीची सगळी नोंद खाऊन टाकतो.

दुसऱ्या दिवशीची नोंद

नोंद चोवीस तासांच्या आत द्या. चार दिवसांनी दिलेला कागद कामगाराला नोटीस वाटतो. उदाहरणातली नोंद अशी:

> दिनांक: ४ सप्टेंबर २०२५
> प्रति: श्री. ____________, व्हीएमसी ऑपरेटर, टोकन क्र. ______
> विषय: हजेरीबाबत ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेले बोलणे
>
> काल दुपारी ३ वाजता आपण हजेरीबाबत बोललो. त्यात ठरलेले पुढीलप्रमाणे आहे.
>
> जून ते ऑगस्ट २०२५ मध्ये आपण ९ जून, २३ जून, ७ जुलै, १० जुलै, २१ जुलै, ४ ऑगस्ट, १८ ऑगस्ट आणि २८ ऑगस्ट या आठ दिवशी न कळवता गैरहजर होता. १५ ते १८ जुलैची मंजूर रजा आणि ६ व ७ ऑगस्टचे आजारपण यात धरलेले नाही.
>
> आपण सांगितले की पहिल्या पाळीच्या सोमवारी गावाहून पहिल्या बसने ७ पर्यंत पोचता येत नाही, उशीर झाल्यास गेटवर आत घेत नाहीत, आणि सुपरवायझरला केलेला फोन दोनदा उचलला गेला नाही. १० जुलै रोजी मुलाला दवाखान्यात नेल्याचे आपण सांगितले.
>
> ठरले ते असे: १५ आणि २९ सप्टेंबर या दोन सोमवारी आपण ८.३० ला यायचे व ५ पर्यंत काम करायचे. गेटला तसे कळवले आहे. ही सवलत ३० सप्टेंबरनंतर राहणार नाही. १३ ऑक्टोबरच्या सोमवारपासून पहिल्या पाळीला ७ वाजताच यायचे.
>
> येणे शक्य नसेल तर पाळी सुरू होण्याआधी किमान अर्धा तास सुपरवायझरला फोन करावा. फोन न उचलल्यास टाइम ऑफिसला करावा: ____________. तेथे वेळ नोंदवली जाईल.
>
> मंगळवार, ३० सप्टेंबर रोजी दुपारी ३ वाजता आपण पुन्हा बसू. न कळवता गैरहजेरी चालू राहिल्यास कारखान्याच्या नियमांप्रमाणे पुढील पाऊल उचलावे लागेल.
>
> ही बोलण्याची नोंद आहे, शिस्तीची कारवाई नाही. यात काही चुकले असल्यास आठ दिवसांत लेखी किंवा तोंडी सांगावे.
>
> शिफ्ट इनचार्ज: ____________
> प्रत मिळाली: ____________ दिनांक: ______

‘मान्य’ नको, ‘प्रत मिळाली’ लिहा. ‘मान्य’ म्हटलं की तो सही करायला तयार नसतो, आणि केली तरी आरोप कबूल करून घेतला असा वाद पुढे निघतो. ‘सवयीची गैरहजेरी’, ‘बेजबाबदार’, ‘निष्काळजी’ हे शब्द नोंदीत आणू नका. ते चौकशीतून सिद्ध करायचे शब्द आहेत. त्याचं म्हणणं सांगणारा परिच्छेद मात्र कधीही गाळू नका. तो असला की कामगार कागद निमूट घेतो.

सही केली नाही तर? जबरदस्ती नाही. प्रत द्या, तुमच्या प्रतीवर ‘प्रत दिली, सही केली नाही’ असं लिहून तारीख-वेळ टाका आणि हजर असलेल्या एकाची सही घ्या. हा कागद शॉपच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, नोटीस बोर्डावर तर नकोच.

भाषेचं आपल्याकडे विशेष आहे. बोलणं मराठीत होतं, एचआरचे छापील फॉर्म इंग्रजीत असतात, आणि एकाच बेंचवर मराठी शाळेत शिकलेला आणि कन्नड शाळेत शिकलेला दोघंही असतात. नाव-आडनावावरून भाषा ठरवू नका. घरी मराठी बोलणारा पण शाळा कन्नडमधून झालेला माणूस मराठी अक्षरं अडखळत वाचतो, आणि ते तुमच्यापुढे कबूल करत नाही. सरळ विचारा, ‘कागद कुठल्या भाषेत देऊ, वाचायला बरं पडेल?’ तो सांगेल ती भाषा घ्या. एचआरला फायलीसाठी दुसऱ्या भाषेत हवा असेल तर दोन्ही एकाच पानावर द्या आणि तारखा-आकडे दोन्हीकडे जुळतात का तपासा. एका भाषेत १३ ऑक्टोबर आणि दुसऱ्या भाषेत ६ ऑक्टोबर असा घोळ झाला की कागद निकामी. वाचताच न येणाऱ्याला पूर्ण नोंद मोठ्यानं वाचून दाखवा आणि ‘वाचून दाखवली’ असं खाली लिहा.

३० सप्टेंबरपर्यंत

नोंद दिली त्याच दिवशी तुमच्या बाजूची कामं उरका: गेटला १५ आणि २९ तारखेची लेखी चिठ्ठी, टाइम ऑफिसला फोनची वही, आणि सुपरवायझरशी त्या न उचललेल्या फोनबद्दल वेगळं बोलणं. १५ तारखेला तो ८.२५ ला आला आणि गेटवर चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवला, तर ती तुमची चूक आहे. तिथून पुढे खाड्याबद्दल तोंड उघडायची सोय राहत नाही. म्हणून १३ तारखेच्या शनिवारी गेटवर जाऊन चिठ्ठी लागली आहे का ते डोळ्यांनी पाहा.

दुसऱ्यांदा बसायची तारीख ३० सप्टेंबर ठेवण्यामागेही कारण आहे. दोन्ही सोमवार तोवर होऊन जातात, आणि १ ऑक्टोबरला खंडेनवमी. त्या दिवशी शॉप धुवायचं, मशीनला हार घालायचे, पूजा करायची. तिथे हजेरीचा विषय काढणारा इनचार्ज वर्षभर लक्षात राहतो.

३० तारखेला पाच मिनिटं पुरतात. दोन्ही सोमवारी वेळेवर आला आणि मधे खाडा नाही: तसं सांगा, नोंदीवर दोन ओळी लिहा, सवलत आजपासून बंद आणि १३ ऑक्टोबरला ७ वाजता याची आठवण द्या. एखादा दिवस आला नाही पण टाइम ऑफिसच्या वहीत त्याचा फोन आहे: हे ठरल्याप्रमाणेच झालं, ती रजा म्हणून पाहा. न फोन करता पुन्हा सोमवार गेला: तिथे दुसरं समजावणं नको. तारीख, वहीची पानं आणि ४ सप्टेंबरची नोंद घेऊन एचआरकडे जा. पुढचा कागद कोणता आणि कुणाच्या सहीनं द्यायचा ते एचआर ठरवेल, आणि तुमच्या नोंदीत आठच्या जागी चौदा लिहिलेलं नसेल तर त्यांना ती उलगडून पाहावी लागणार नाही.